तलब, फना, जानान: अत्तारचा पतंग इंग्रजीत नेताना

पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या एका शहरात फारसी कवितेच्या वाचनाचा कार्यक्रम होता. स्टेजवर फारसी वाचन, सोबत नय म्हणजे ती बोरूची बासरी, आणि प्रत्येक भागानंतर एक इंग्रज वाचक अनुवाद मोठ्याने वाचणार, तोच अनुवाद प्रेक्षकांच्या हातात छापील पत्रकावर असणार. मजकूर दोनच तुकड्यांचा. एक, रूमीच्या मसनवी या दीर्घकाव्याच्या अगदी सुरुवातीच्या काही बैत, म्हणजे दोन-दोन चरणांच्या द्विपदी, जिथे बासरी आपल्याला बोरूच्या बेटातून तोडल्याची तक्रार सांगते. दुसरा, अत्तारच्या 'मंतिकुत्तैर' मधली दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगांची गोष्ट. पक्ष्यांच्या प्रवासाचं हे काव्य बाराव्या शतकातलं, अत्तार नीशापूरचा, आणि ही गोष्ट येते त्यातल्या सातव्या म्हणजे शेवटच्या दरीत, जिचं नावच 'फक्र ओ फना' आहे, म्हणजे निर्धनता आणि सरून जाणं.

आयोजकांच्या अटी साध्या होत्या पण कडक होत्या. तळटीपा नाहीत, एका बैतीला इंग्रजीच्या दोनच ओळी, आणि ऐकणाऱ्याला एकदा ऐकून कळलं पाहिजे कारण वाचक मागे जाऊन परत वाचणार नाही.

अनुवाद करणाऱ्या मॅडम पुण्याच्या. त्यांची फारसी सुरू झाली ती मराठेशाहीतले कागद वाचण्यासाठी, अखबार, पत्रं, हिशेब वगैरे, आणि कवितेकडे त्या बऱ्याच नंतर वळल्या. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे एका निर्णयात त्याचा थेट उपयोग झाला. माझं काम पडताळणीचं, म्हणजे मूळ समोर ठेवून ओळ न ओळ तपासायची. तिसरे होते एक इराणी गृहस्थ, तेहरानमध्ये वाढलेले, निवृत्त शिक्षक, त्यांना आम्ही आगा म्हणायचो. ते फोनवर असायचे आणि त्यांना अर्ध्याहून जास्त मजकूर तोंडपाठ होता.

गोष्ट आधी थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. एका रात्री पतंग जमतात, सगळ्यांना शमा हवी असते, म्हणजे मेणबत्ती. ठरतं की कुणीतरी जाऊन तिची खबर आणावी. पहिला जातो, लांबून एका महालात तिचा उजेड बघतो, परत येतो आणि आपली वही उघडून आपल्या समजुतीप्रमाणे वर्णन करायला लागतो. जमावात एक जाणता असतो, अत्तार त्याला 'नाकिद' म्हणतो, म्हणजे नाणं खरं की खोटं ते पारखणारा. तो म्हणतो, याला काही माहीत नाही. दुसरा अजून जवळ जातो, ज्योतीवर झेपावतो, शमा जिंकते, तो हरतो, परत येऊन भेटीची चार गुपितं सांगतो. पारखी म्हणतो, बाबा रे, ही पण खूण नव्हे. तिसरा मस्त होऊन नाचत जातो आणि आगीवरच बसतो, तिला मिठी मारतो, डोक्यापासून पायापर्यंत आगीसारखा लाल होतो. पारखी लांबूनच बघतो की शमेने त्याला स्वतःच्या रंगाचा करून टाकलाय, आणि म्हणतो, याला खबर आहे, बस.

अडचण

पहिला खर्डा आला तेव्हा वाचायला छान होता, खरं सांगायचं तर खूपच छान होता, आणि तीच काळजीची गोष्ट होती. इंग्रजीत सूफी कवितेची एक ठरलेली भाषा तयार झालीय, लाँगिंग, एनायहिलेशन, द बिलव्हेड, आणि हे तीन शब्द टाकले की कुठलीही ओळ सूफी वाटायला लागते. खर्ड्यात तलब, इश्तियाक, दर्द या तिघांनाही 'लाँगिंग' होतं. तिसऱ्या पतंगाच्या ओळीत 'वॉज एनायहिलेटेड इन द बिलव्हेड' होतं. आणि शेवटच्या बैतीत मोठ्या अक्षरातला 'ही', म्हणजे इंग्रजीत देवाला लिहितात तसा.

मॅडमनी एक चांगली गोष्ट केली. खर्डा आमच्याकडे पाठवतानाच त्यांनी तो फारसीचा गंध नसलेल्या दोघातिघांना वाचून दाखवला आणि एवढंच विचारलं, की गोष्टीत शेवटी काय होतं सांगा. उत्तर सगळ्यांचं जवळपास एकच आलं: पतंग जळून मेला. एकाने तर विचारलं की ही आत्महत्येची गोष्ट आहे का. पारखी का खूश झाला हे कुणाच्या बोलण्यात आलंच नाही. म्हणजे शब्द सगळे कोशाप्रमाणे बरोबर आणि गोष्ट मात्र उलटी पोचलेली.

पहिला निर्णय: ओढ

आम्ही आधी फारसी शब्द एका कागदावर वेगळे काढले आणि प्रत्येक शब्द नक्की कुठे आलाय ते बघितलं. पतंगांच्या गोष्टीत 'लाँगिंग' ला जुळणारा भावनेचा शब्दच नाहीये. तिथे आहेत 'तालिब' आणि 'मतलूब', दोन्ही तलब या एकाच धातूचे, मागणारा आणि जे मागितलं जातं ते. अत्तारच्या सात दऱ्यांतली पहिली दरी पण तलबचीच. म्हणजे प्रवास ज्या शब्दाने सुरू झाला तो शब्द शेवटच्या दरीतल्या या गोष्टीच्या पहिल्याच बैतीत परत येतो.

इथे मॅडमची कागदपत्रांची फारसी कामाला आली. जुन्या कागदांत तलब म्हणजे बोलावणं, तगादा, शिपायाचा पगार. आपल्या मराठीत पण तंबाखूची तलब येते, ती काही खिडकीत बसून उसासे टाकणारी गोष्ट नसते, माणूस उठून टपरीवर जातो. 'लाँगिंग' मध्ये माणूस बसलेला असतो, तलबमध्ये तो निघालेला असतो, आणि ही गोष्ट तर सगळी जाण्या-येण्याचीच आहे. एकजण जातो, परत येतो, दुसरा जातो, परत येतो, तिसरा जातो.

पर्याय तीन होते. 'सीक' हे क्रियापद, जे बरोबर आहे पण इंग्रजीत फार वापरून गुळगुळीत झालंय, 'सीकर' म्हटलं की लगेच आश्रम डोळ्यासमोर येतो. 'डिझायर', ज्यात मालकीची हाव येते. किंवा शब्द सोडून द्यायचा आणि हालचाल धरायची. मॅडमनी तिसरा घेतला. 'दे केम फॉर द कँडल', मेणबत्तीसाठी आले, एवढंच. आणि 'मतलूब' ला 'व्हॉट दे केम फॉर'. ऐकायला अगदी साधं आहे, पण आले-गेले-आले ही क्रिया पहिल्या बैतीपासून कानात राहते आणि तिसरा जेव्हा परत येत नाही तेव्हा ते जाणवतं. दुसऱ्या पतंगापर्यंत 'केम बॅक' हे शब्द मुद्दाम जसेच्या तसे पुन्हा येऊ दिले.

रूमीच्या तुकड्यात मात्र खरोखरच ओढ आहे. तिथली ओळ अशी: 'सीने ख्वाहम शरहे शरहे अज़ फ़राक़, ता बेगूयम शरहे दर्दे इश्तियाक़'. विरहाने चिंध्या झालेली छाती मला हवी, म्हणजे मी तिला इश्तियाकच्या दुखण्याची फोड करून सांगेन. आता शौक आणि इश्तियाक यात सूफी लोक फरक करतात. सूफी लेखक कुशैरीने अकराव्या शतकातल्या आपल्या 'रिसाला' मध्ये त्याचे गुरू अबू अली दक्काक यांचं म्हणणं दिलंय की शौक भेट झाली, दर्शन झालं की शमतो, आणि इश्तियाक भेटीनंतरही जात नाही. (दोघेही नीशापूरचेच, अत्तारच्या गावचे, हे मला फार आवडतं.) इंग्रजीतलं 'लाँगिंग' साधारणपणे हवं ते मिळालं की संपतं, म्हणून मॅडमनी एक खर्डा केला ज्यात 'अशी ओढ जी भेटीनेही संपत नाही' असं ओळीतच घातलं होतं. आगांनी ते ऐकून लगेच नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की रूमी इथे व्याख्या देत नाहीये, तो चिंध्या दाखवतोय, व्याख्या घातली की आवाज बसतो. मला ते पटलं.

मग ठरलं असं की 'लाँगिंग' हा शब्द अख्ख्या पत्रकात एकदाच वापरायचा, इथेच, आणि बाकी सगळीकडून काढून टाकायचा. एकदाच आलेला शब्द लोक नीट ऐकतात. ओळीचा खरा जीव 'शरहे शरहे' आणि 'शरहे' मध्ये आहे, पहिल्यात चिंध्या-चिंध्या, दुसऱ्यात उलगडून सांगणं, लिहायला जवळजवळ सारखेच. फाटल्याशिवाय सांगता येत नाही हे रूमी आवाजातूनच सांगतो. इंग्रज अभ्यासक निकल्सनने 1925 ते 1940 मध्ये मसनवीचा जो मोठा अनुवाद आणि पाठ काढला तो अर्थाला घट्ट धरून आहे, अभ्यासाला त्याच्याशिवाय चालत नाही, पण तो शब्दखेळासाठी केलेलाच नाही. मॅडमना 'श्रेड' सापडला. 'गिव्ह मी अ हार्ट दॅट पार्टिंग टोअर टू श्रेड्ज, टू टेल इट, श्रेड बाय श्रेड, दि एक ऑफ लाँगिंग'. फाडलेल्या त्याच चिंध्या, आणि सांगायचं तेही चिंधी-चिंधीनं. 'सीना' ची छाती जाऊन हृदय आलं ते जरा खटकतं, पण इंग्रजीत छातीचा शब्द मोठ्याने वाचताना भलतीकडे जातो, म्हणून ते सोडून दिलं.

दुसरा निर्णय: फना

पतंगांच्या गोष्टीच्या बैतींमध्ये 'फना' हा शब्द कुठेच नाही! तो दरीच्या नावात आहे. खर्ड्यातलं 'एनायहिलेटेड' हे मुळातल्या 'ख्वीशतन गुम कर्द बा ऊ खुश बेहम' या अर्ध्या बैतीवर चढवलेलं होतं, जिचा सरळ अर्थ असा की त्याने स्वतःला हरवलं, तिच्यासोबत, आनंदाने, एकमेकांत. त्यात 'खुश' आहे, 'बेहम' म्हणजे एकत्र आहे. नष्ट होणं कुठेच नाही.

'एनायहिलेट' मध्ये लॅटिन 'निहिल' बसलंय, शून्य करून टाकणं, आणि आजच्या इंग्रजीत तो शब्द शहरं आणि सैन्यं बेचिराख करायला वापरतात. मराठीत पण 'फन्ना उडवणे' आहेच की, पण तो आपण जेवणाच्या ताटाचा उडवतो, त्यामुळे आपल्याला निदान भीती तरी वाटत नाही. सूफींकडे फना एकटी येत नाही, तिच्यामागे बका येते, म्हणजे उरणं. हे जोडपं कुराणातल्या 55 व्या सूऱ्यातल्या 26 आणि 27 या आयतींशी जोडतात, पृथ्वीवरचं सगळं 'फान' म्हणजे सरणारं, आणि तुझ्या प्रभूचा चेहरा उरतो. एका शब्दाला दुसरा टेकून उभा आहे. इंग्रजीत फक्त पहिला नेला की तो मृत्यूच वाटणार, आणि ऐकणाऱ्यांना तेच वाटलं होतं.

पर्याय बरेच चघळले. निकल्सनने 1914 च्या आपल्या सूफींवरच्या छोट्या पुस्तकात 'पासिंग अवे' वापरलं होतं, अर्थाने ते 'फना' च्या मूळ छटेजवळ आहे, ओसरून जाणं, पण आज 'पासिंग अवे' म्हणजे माणूस वारला. 'एक्स्टिंक्शन' मध्ये दिवा विझण्याचा अर्थ आहे, पण इथे तर दिवा विझतच नाही, उलट पतंग पेटतो, आणि शिवाय सामान्य माणसाला त्यातून डायनोसॉर आठवतात. 'इफेसमेंट' बरोबर आहे पण थंड आहे, कागदावरचं खोडल्यासारखं. शब्द तसाच 'फना' ठेवायचा हाही पर्याय होता आणि मी सुरुवातीला त्याच बाजूचा होतो, पण तळटीप नसताना तो ओळीत आला असता तर श्रोत्याच्या हातात नुसता आवाज राहिला असता.

शेवटी वाटणी केली. 'फना' हा शब्द फक्त शीर्षकात ठेवला, आणि कार्यक्रमात वाचन सुरू होण्याआधी निवेदकाने दोन वाक्यं बोलावीत असं ठरवलं: की या दरीचं नाव फना, जे सरतं ते, आणि तिच्यानंतर बका, जे उरतं ते. ओळींमध्ये मात्र अत्तारने जे लिहिलंय तेवढंच, एकही सिद्धांताचा शब्द नाही. 'ख्वीशतन गुम कर्द' ला 'लॉस्ट हिमसेल्फ' करता येत नव्हतं कारण इंग्रजीत माणूस गाण्यात, पुस्तकात, गर्दीत कुठेही 'लॉस्ट हिमसेल्फ' होतो, फार स्वस्त झालंय ते. मॅडमनी लिहिलं: 'आर्म्स अराउंड द फायर, ग्लॅडली, ही लॉस्ट द वन ही वॉज'. आगीला मिठी, आनंदाने, आणि तो जो होता त्याला त्याने हरवलं. 'द वन ही वॉज' मध्ये कोण हरवलं ते कळतं आणि हरवल्यावर कुणीतरी उरलंय हेही कळतं, कारण वाक्य चालूच राहतं.

आणि पुढची बैत जी पहिल्या खर्ड्यात घाईत उरकली होती तिला पूर्ण जागा दिली. शमेने त्याला उजेडाने आपल्या रंगाचा केलाय, 'हमरंग'. बका हा शब्द न उच्चारता बका इथे आहे. खर्ड्यात 'कन्झ्यूम्ड बाय इट्स लाइट' होतं, उजेडाने गिळला असं, ते काढून 'द कँडल्स लाइट हॅड टर्न्ड हिम कँडल-कलर्ड' केलं. जरा बालगीतासारखं वाटतं असं मॅडमचं म्हणणं होतं, माझं म्हणणं की अत्तार पण इथे मुलांना सांगावं तसंच सांगतोय. ते राहिलं.

खबरचा प्रश्न याच्याच पोटातला आहे. शेवटून दुसरी बैत: 'आनके शुद हम बेखबर हम बेअसर, अज़ मियाने जुमले ऊ दारद खबर'. जो बेखबर झाला आणि ज्याचा मागमूसही राहिला नाही, सगळ्यांत त्याच्याचकडे खबर आहे. मराठी वाचकाला हे अनुवादाशिवाय कळतं. खर्ड्यात ते 'ओन्ली ही हू नोज नथिंग नोज' असं झालेलं होतं, जे पोस्टरवर छापायला छान पण गोष्टीपासून तुटलेलं, कारण पतंगांनी ज्ञान मागितलंच नव्हतं, खबर मागितली होती, 'खबर आणा' म्हणून माणूस पाठवला होता. त्यामुळे तिन्ही ठिकाणी एकच शब्द हवा होता. 'न्यूज' घेतला तर वर्तमानपत्र होतं, 'नॉलेज' घेतलं तर पाठ्यपुस्तक. 'वर्ड' बसला: सुरुवातीला 'ब्रिंग अस वर्ड', म्हणजे निरोप आणा, पारख्याच्या तोंडी 'ही हॅज वर्ड', आणि इथे 'पास्ट वर्ड, पास्ट ट्रेस, ऑफ ऑल ऑफ देम ही हॅज द वर्ड'. एक तोटा झाला, बेखबरमधली शुद्ध हरपण्याची छटा गेली आणि तिच्या जागी शब्दापलीकडे जाण्याची आली. मला तो सौदा मान्य होता, आगांना अर्धवट मान्य होता.

तिसरा निर्णय: प्रिय कोण

फारसीत 'ऊ' ला लिंग नाही. तो, ती, ते, सगळ्यांना 'ऊ'. आणि लिपीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत, त्यामुळे देव आणि माणूस लिहिताना वेगळे दिसत नाहीत. कवी याचा पूर्ण फायदा घेतात, प्रिय व्यक्ती समोरचा माणूस आहे की गुरू की परमेश्वर हे वाक्य संपेपर्यंत आणि बरेचदा संपल्यावरही उघडं राहतं. इंग्रजीला मात्र दर ओळीत निवड करावी लागते. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच अनुवादांत 'शी' आली, आणि दुसऱ्या टोकाला मोठ्या अक्षरातला 'ही' आला. एकात फक्त प्रेमकविता उरते, दुसऱ्यात फक्त प्रार्थना.

पतंगांच्या गोष्टीत आणखी एक पेच होता, शमा ही वस्तू आहे. तिला 'इट' म्हणणं इंग्रजीत स्वाभाविक, पण 'इट' ला मिठी मारली की प्रेम जातं. मॅडमनी सर्वनामांचाच नकाशा काढला, म्हणजे बैत क्रमांक आणि समोर कुठे कुठलं सर्वनाम. पतंगाला सगळीकडे 'ही', यावर फार चर्चा झाली नाही. शमेला पहिल्या दोन पतंगांपर्यंत 'इट', कारण त्यांच्यासाठी ती खरंच बघायची वस्तू आहे, वहीत लिहायची. तिसऱ्याने मिठी मारली तिथून पुढे शमेला सर्वनामच नाही, प्रत्येक वेळी 'द फायर' किंवा 'द कँडल'. ऐकणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, यावं अशी अपेक्षाही नव्हती, पण तिथून पुढे दोघांतलं अंतर सांगणारा शब्द वाक्यात उरत नाही.

शेवटची बैत सगळ्यात अवघड: 'ता नगर्दी बेखबर अज़ जिस्म ओ जान, कै खबर याबी ज़े जानान यक ज़मान'. शरीराची आणि जानची खबर सुटत नाही तोवर जानानची क्षणभर तरी खबर कशी मिळणार. जान म्हणजे प्राण, आणि जानान म्हणजे प्रिय, जान या शब्दातूनच निघालेला. जान सोडायची आणि जानान मिळतो, तीच जान मोठी होऊन परत येते. 'लाइफ' आणि 'द बिलव्हेड' केलं की दोन अनोळखी शब्द शेजारी उभे राहतात, नातं तुटतं, आणि 'बिलव्हेड' मोठ्या अक्षरात छापलं की ते थडग्यावरच्या ओळीसारखं दिसतं.

इथे आमचं एकमत झालं नाही. आगांचं म्हणणं होतं की 'जानान' तसाच ठेवा, आवाजच अर्थ आहे. मॅडमना ते पटत होतं पण पत्रकाच्या अटीत बसत नव्हतं, कारण 'जान' पण मग तसाच ठेवावा लागला असता. मी 'सोल' आणि 'सोल ऑफ सोल्स' सुचवलं, ते दोघांनाही चर्चमधलं वाटलं. शेवटी मॅडमनी लिहिलं: 'अंटिल यू हॅव नो वर्ड ऑफ बॉडी ऑर ऑफ लाइफ, हाउ विल यू हॅव वन मोमेंट्स वर्ड ऑफ युअर लाइफ्स लाइफ'. तुझ्या जिवाचा जीव. मराठीत आपण सहज म्हणतो, इंग्रजीत ते थोडं विचित्र वाटतं पण कळतं, आणि 'लाइफ' दोन्ही ओळींत राहतो. सर्वनाम नाही, मोठं अक्षर नाही. प्रिय व्यक्ती असाही अर्थ होतो, परमेश्वर असाही.

निकाल

छापायला जाण्याआधी मॅडमनी नवीन खर्डा पुन्हा वाचून दाखवला, या वेळी वेगळ्या लोकांना, आणि तोच प्रश्न विचारला. या वेळी उत्तरं वेगवेगळी आली. एकीने सांगितलं की तिसरा मेणबत्तीच झाला. एकाने सांगितलं की तो परत आला नाही म्हणून त्याला माहीत आहे. एकजण तरीही म्हणाला की तो मेला, पण मग स्वतःच म्हणाला, पण मग तो पारखी एवढा खूश का. आमच्या मते हे चांगलं होतं, कारण पहिल्या वेळी तो प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.

छपाईत दोन गोष्टी झाल्या. पत्रकाची मांडणी करणाऱ्याने शेवटच्या बैतीत 'लाइफ्स लाइफ' मधला दुसरा 'लाइफ' मोठ्या अक्षराने सुरू केला, कदाचित त्याला ती चूक वाटली असेल, आणि शेवटचं प्रूफ आमच्याकडे आलंच नाही. एका अक्षराने ती ओळ पुन्हा थेट देवाकडे वळली. दुसरी गोष्ट, वेळ कमी पडल्यामुळे निवेदकाची फना-बकाची दोन वाक्यं गाळली गेली, त्यामुळे शीर्षकातला 'फना' लोकांना नुसताच एक परका शब्द म्हणून दिसला.

तरी वाचन चाललं. इंग्रज वाचकाने नंतर मॅडमना सांगितलं की तिला सरावात 'केम बॅक' पाशी दोनदा थांबावंसं वाटलं आणि तिसऱ्यांदा ते आलंच नाही तेव्हा ती अडखळली, म्हणून तिने ती अडखळ तशीच ठेवली. आगा प्रेक्षकांत होते. त्यांना 'श्रेड बाय श्रेड' फार आवडलं आणि शेवटची ओळ तेवढीच आवडली नाही, जान गेली म्हणाले, कवितेची पण आणि शब्दाची पण.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वनामांचा नकाशा सगळ्यात शेवटी काढला गेला, तो पहिल्या दिवशी काढायला हवा होता. 'इट' कुठे थांबतो हे ठरल्यावर आधीच्या बऱ्याच ओळी परत लिहाव्या लागल्या. तसंच मूळ मजकुरात नसलेला सिद्धांताचा शब्द अनुवादात आलाय का, ही तपासणी खर्ड्याच्या आधी करता येते: फारसी शब्दांची यादी एका बाजूला, इंग्रजी एका बाजूला, आणि इंग्रजीच्या बाजूला ज्याला जोडीदार नाही तो शब्द लाल. 'एनायहिलेटेड' तिथेच पकडला गेला असता.

निवेदनावर अवलंबून राहणं धोक्याचं होतं. जे पत्रकावर छापलेलं नाही ते घडेलच असं नाही, म्हणून फना आणि बका ही दोन नावं शीर्षकाखाली एका बारीक ओळीत छापून टाकता आली असती, ती तळटीप झाली नसती. आणि मोठ्या-छोट्या अक्षरांबद्दल मांडणी करणाऱ्याला लेखी सूचना द्यायला हवी होती, कारण या मजकुरात मोठं अक्षर हा अर्थाचाच भाग आहे हे बाहेरच्या माणसाला कळायचं काही कारण नाही.

जानानच्या ओळीबद्दल मात्र माझं अजूनही आगांशी जमत नाही. त्यांचं म्हणणं आहे की पुढच्या वेळी फारसी बैत रोमन अक्षरांत वर छापा, म्हणजे जान-जानान डोळ्यांना तरी दिसेल, आणि खाली इंग्रजी हवी तेवढी साधी करा. मॅडम त्याला तयार आहेत. मला वाटतं की ज्याला फारसी येत नाही त्याच्यासाठी ती वरची ओळ नक्षीच राहील आणि आपण इंग्रजी ओळीवरचा दबाव सोडून देऊ. सध्या दोन्ही नमुने तयार करून ठेवलेत, आणि पुढच्या वाचनाआधी तेच करायचं ठरलंय, फारसी न येणाऱ्या माणसांना बसवायचं, दोन्ही दाखवायचे, आणि जानान म्हणजे कोण असं विचारायचं.